एका क्रियापदाला आदर एकदाच: नोकरीसाठी लिहिलेल्या जपानी ओळखीतलं निजू केइगो

प्रश्न: मी जपानमधल्या एका विद्यापीठात अर्थशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मार्चपासून एंट्री शीट, म्हणजे कंपन्यांना द्यायचे नोकरीचे अर्ज, भरायच्या आहेत, म्हणून स्वतःची ओळख लिहून करिअर सेंटरला दाखवली. तिथल्या सेन्सेईंनी जवळजवळ प्रत्येक ओळीला लाल रेघ मारली आणि समासात फक्त 'निजू केइगो', म्हणजे दुहेरी आदरभाषा, एवढंच लिहिलं. मी एन वन, म्हणजे जपानी भाषा परीक्षेची सगळ्यात वरची पातळी, पास आहे आणि मी काम करते त्या खानावळीत सगळे असंच बोलतात. मग नेमकं काय चुकलं? मजकुरात मी माझं नाव, खानावळीतलं काम, ग्राहक भात टाकतात म्हणून तेन्चोला, म्हणजे दुकानाच्या प्रमुखाला, सुचवलेली छोटी वाटी, कंपनीचं संकेतस्थळ आणि मुलाखतीची विनंती असं लिहिलंय. मजकूर असा:

'केइझाइ-गाकुबु सान्नेन् नो (नाव) तो मोउसासेते इतादाकिमास. दाइगाकु नो चिकाकु नो तेइशोकुया दे आरुबाइतो ओ सासेते इतादाइते ओरिमास. ओक्याकुसामा गा गोहान् ओ ओनोकोशि नि नारारेरु कोतो गा ओओइ तो किझुकि, तेन्चोसामा नि चीसाइ चावान् ओ गोतेइआन् सासेते इतादाकिमाशिता. तेन्चोसामा गा "यात्ते मिरो" तो ओश्शारारे, हाजिमेसासेते इतादाकिमाशिता. किशासामा नो होमुपेजि ओ हाइकेन् सासेते इतादाकि, फुकाकु कान्मेइ ओ उकेमाशिता. झेहि मेन्सेत्सु नि ओउकागाइ सासेते इतादाकिताकु झोन्जिमास.'

उत्तर:

लाल रेघा योग्य जागी आहेत, पण सगळ्यांना एकच नाव दिल्यामुळे तुमचा गोंधळ झालाय. या मजकुरात शब्दशः निजू केइगो म्हणावं असं दोनच ठिकाणी आहे: 'ओनोकोशि नि नारारेरु' आणि 'ओश्शारारे'. शेवटच्या 'ओउकागाइ'चं थोडं वेगळं, त्याकडे पुढे येते. 'किशासामा' आणि 'तेन्चोसामा' ही त्यांचीच भावंडं, फक्त क्रियापदाऐवजी नामाला लागलेली. बाकीचा बहुतेक भाग 'सासेते इतादाकु'च्या, म्हणजे 'आपल्या परवानगीने करायला मिळालं' अशा नम्र रूपाच्या, अतिरेकाचा आहे, आणि तो दुरुस्त करायची रीत वेगळी आहे. जपानी माणसंही रोजच्या बोलण्यात या सगळ्याला सरसकट निजू केइगो म्हणून मोकळी होतात, त्यामुळे सेन्सेईंना दोष देत नाही. पण तुम्हाला स्वतः दुरुस्त करायचं असेल तर फरक कळायला हवा.

जपानच्या सांस्कृतिक परिषदेने, म्हणजे बुन्का शिंगिकाइने, फेब्रुवारी 2007 मध्ये 'केइगो नो शिशिन्' ही मार्गदर्शिका दिली. केइगोच्या वादात आजही तिचा आधार घेतला जातो. तिच्यातली निजू केइगोची व्याख्या अगदी अरुंद आहे: एकाच शब्दावर एकाच जातीचं केइगो दोनदा चढवलं तर ते निजू केइगो. 'एकच शब्द' आणि 'एकच जात' या दोन्ही अटी लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरच उभं आहे.

आता तुमचं वाक्य घेऊ. ग्राहक भात ताटात शिल्लक ठेवतात. मूळ क्रियापद 'नोकोसु'. दुसऱ्याच्या क्रियेला मान द्यायचा, म्हणजे सोन्केइगो वापरायचं, तर जपानीत तीन वाटा असतात. एक, त्या क्रियापदाला स्वतंत्र आदरार्थी शब्द असला तर तो घ्यायचा, जसा बोलण्याच्या 'इउ'साठी 'ओश्शारु' किंवा खाण्याच्या 'ताबेरु'साठी 'मेशिआगारु'. 'नोकोसु'ला असा शब्द नाही. दुसरी वाट 'ओ...नि नारु'ची, तिने 'ओनोकोशि नि नारु' होतं. तिसरी 'रेरु/रारेरु'ची, तिने 'नोकोसारेरु' होतं. तुम्ही दुसऱ्या वाटेने 'ओनोकोशि नि नारु' केलंत आणि त्यातल्या 'नारु'ला परत तिसऱ्या वाटेचं 'रेरु' लावलंत. शब्द एक, जात एक, आदर दोनदा. मार्गदर्शिकेने दिलेलं 'ओयोमि नि नारारेरु' हे उदाहरण नेमकं याच साच्याचं आहे.

'ओश्शारारे' तसंच. 'ओश्शारु' ही पहिली वाट झाली, त्यावर 'रारेरु' ही तिसरी चढली. मुलाखतीत ही चूक सगळ्यात जास्त कानावर पडते, कारण तिथे समोरच्याच्या बोलण्याचा संदर्भ द्यावाच लागतो: 'इमा ओश्शारारेता योउ नि'. बरोबर रूप 'इमा ओश्शात्ता योउ नि'. 'ओश्शारु' कानाला इतकं सवयीचं झालंय की त्यातला मान पुरेसा वाटत नाही, म्हणून जीभ आपोआप आणखी एक 'रारे' जोडते.

'टीव्हीवरही लोक असंच बोलतात' हा युक्तिवाद तुमच्या मनात येईलच. बोलतात, खरं आहे. ही काही कालपरवाची खोडही नाही. 1952 साली कोकुगो शिंगिकाइने, म्हणजे राष्ट्रीय भाषा परिषदेने, युद्धानंतरच्या सोप्या केइगोसाठी शिफारशी केल्या, तेव्हाच त्यात बजावलं होतं की 'ओ...नि नारु'ला 'ओ...नि नारारेरु' करण्याची गरज नाही. त्याही आधीचं बघायचं तर अभिजात जपानीत दुहेरी आदर हा दोष नव्हताच. सम्राटाच्या आणि तशा मोठ्या माणसांच्या क्रियेला 'से तामाउ', 'सासे तामाउ' असा दुहेरी साज चढवायचे. जपानी मुलं शाळेत जुन्या साहित्याच्या तासाला हे सर्वोच्च केइगो म्हणून शिकतात. तेव्हा दोनदा आदर देणं हा भाषेचा काही नैसर्गिक गुन्हा नाही. आजच्या लेखी व्यवहाराने ठरवलेली ती मर्यादा आहे, आणि एंट्री शीट हा त्याच व्यवहारातला कागद आहे.

मराठी बोलणाऱ्यांकडून ही चूक थोडी जास्त होते असं मला कागद तपासताना वाटत आलंय, आणि त्याचं कारण आपल्या व्याकरणात सापडतं. 'आमचे मोठे साहेब परवा आले होते' या वाक्यात मान एकदाच दिलेला आहे, पण तो 'आमचे', 'मोठे', 'आले', 'होते' अशा चार शब्दांवर दिसतो. आदरार्थी बहुवचन वाक्यभर पसरलंच पाहिजे. एक शब्द जरी एकवचनात राहिला तरी खटकतं. जपानीत असा मेळ नाही. तिथे 'ओ...नि नारु', 'रेरु', 'ओश्शारु' ही प्रत्येक स्वतंत्र क्रिया आहे आणि प्रत्येक वेळी मान नव्याने चढतो. आपला कान मेळ शोधतो, आणि जिथे आदराची खूण दिसत नाही तिथे ती भरून काढतो.

मग ग्राहकासाठीच्या 'ओक्याकुसामा'चं काय? पुढे 'ओ', मागे 'सामा', आदर तर दोनदा दिसतोय. तो शब्द एकसंध होऊन बसलाय, आज त्याची फोड कुणी करत नाही. तुमच्या मजकुरात तो बिनधास्त ठेवा. क्रियापदांतही रूढ झालेले अपवाद आहेत, आणि ते खुद्द 2007 च्या मार्गदर्शिकेतच दिले आहेत: 'ओमेशिआगारि नि नारु', 'ओमिए नि नारु', आणि नम्रतेच्या बाजूला 'ओउकागाइ सुरु', 'ओउकागाइ इतासु', 'ओउकागाइ मोउशिआगेरु'. रचनेने ही सगळी दुहेरीच आहेत, पण चलनात मुरली म्हणून मान्य. तुमच्या खानावळीच्या भिंतीवर 'ओमेशिआगारि कुदासाइ' लिहिलेलं असेल तर ते चूक ठरवू नका. पण त्याच्याही पुढे जाऊन 'ओमेशिआगारि नि नारारेरु' म्हटलंत तर कुठलीच सवलत शिल्लक राहत नाही.

दोन आदरार्थी शब्द 'ते'ने जोडलेले असले तरी निजू केइगो होत नाही. 'ओयोमि नि नात्ते इराश्शारु' यात वाचण्याच्या 'योमु'ला एकदा आणि असण्याच्या 'इरु'ला एकदा मान मिळाला. शब्दच दोन आहेत. याला केइगो रेन्केत्सु म्हणतात, लांबलं तरी नियमात बसतं. आणि शेवटचं 'मास' तर मोजायचंच नाही. ते तेइनेइगो आहे, म्हणजे ऐकणाऱ्याशी सभ्य बोलणं, त्याची जात वेगळी.

आता मुख्य भागाकडे येते. स्वतःच्या ओळखीत बहुतेक क्रियापदांचा कर्ता 'मी' असतो. मी शिकते, मी काम करते, मला दिसलं, मी सुचवलं. म्हणजे सोन्केइगोला जागाच फार थोडी. उरते नम्रता, केन्जोगो. पाठ्यपुस्तकं केन्जोगो एकच शिकवतात, पण 2007 च्या मार्गदर्शिकेने ती दोन केली, आणि तुमची अर्धी गाठ तिथेच सुटते.

पहिल्या प्रकारची केन्जोगो, जसं जाण्यासाठी 'उकागाउ', बघण्यासाठी 'हाइकेन् सुरु', सुचवण्यासाठी 'गोतेइआन् सुरु', माझी क्रिया ज्याच्याकडे जाते त्याला उंच करते. दुसऱ्या प्रकारची, जिला तेइचोगो असंही म्हणतात, म्हणजे 'मोउसु', 'माइरु', 'इतासु', 'ओरु', 'झोन्जिरु', ती क्रियेच्या पलीकडच्या कुणाला उंच करत नाही. ती फक्त ऐकणाऱ्याशी किंवा वाचणाऱ्याशी अदबीने बोलते. तुमचं 'तेन्चोसामा नि गोतेइआन् सासेते इतादाकिमाशिता' या नजरेने वाचा. सुचवणं तेन्चोकडे गेलं, म्हणजे त्या पहिल्या प्रकारच्या केन्जोगोने तुम्ही तेन्चोला उंच केलंत. पण वाचतोय कोण? कंपनीतला भरती अधिकारी. त्याच्यासमोर तुम्ही आणि तुमचा तेन्चो एकाच, घरच्या बाजूला आहात. उचि आणि सोतो, म्हणजे घरचे आणि बाहेरचे, हा भेद तुम्हाला माहीत आहेच, फक्त लिहिताना तेन्चो नकळत पलीकडच्या बाजूला जाऊन बसला. इथे आदर किती वेळा दिला यापेक्षा तो कुणाला दिला ही चूक मोठी आहे, आणि निजू केइगो म्हटल्याने ती झाकली जाते. दुरुस्ती सोपी आहे: 'तेन्चो नि तेइआन् शिमाशिता'. 'ओश्शारारे'चा प्रश्नही त्याच न्यायाने मिटतो. 'ओश्शारि' असं नुसतं सुधारू नका, तेन्चोला सोन्केइगो मुळातच नको. 'तेन्चो कारा "यात्ते मिरो" तो इवारे' लिहा. हे साधं वाटेल, पण कंपनीच्या कागदावर तेच शोभतं.

प्राध्यापकांचा उल्लेख करताना मुलं इथेच अडतात, म्हणून जाता जाता सांगते. मार्गदर्शकांबद्दल 'ओश्शारारेमाशिता' नको आणि त्यांना एकदम खाली आणणारं 'मोउशिते ओरिमाशिता'ही जिभेवर येत नाही. 'शिदो क्योजु कारा... तो ओसोवारिमाशिता' लिहिलं की दोन्ही टळतं. 'ओसोवारु'चा कर्ता तुम्ही, त्यामुळे प्राध्यापकांच्या क्रियेला मान द्यायचा की नाही हा प्रश्नच उभा राहत नाही.

आता 'सासेते इतादाकु'. तुमच्या सहा वाक्यांत ते सहा वेळा आलंय, म्हणून आधी सरळ मोजू. 'सासेते इतादाकिमाशिता' जपानी लिपीत दहा अक्षरं घेतं, 'शिमाशिता' चार. प्रत्येक वेळी सहा-सात अक्षरं जातात. एंट्री शीटच्या चौकटी दोनशे, तीनशे, चारशे अक्षरांच्या असतात. दोनशेच्या चौकटीत चाळीसएक अक्षरं नम्रतेवर गेली, आणि छोट्या वाट्या सुरू केल्यावर काय झालं हे सांगायला जागाच उरली नाही. तुम्ही ते खरंच सांगितलेलं नाही. वाचणाऱ्याला सगळ्यात जास्त उत्सुकता असते नेमकी त्याचीच.

अर्थाचंही बघा. मार्गदर्शिकेनुसार हे रूप दोन गोष्टी असतील तिथे बसतं: समोरच्याची किंवा तिसऱ्या कुणाची परवानगी, आणि तिच्यामुळे आपल्याला लाभ झाला ही वस्तुस्थिती किंवा तशी भावना. उदाहरणांमध्ये स्वतःच्या ओळखीतलं एक वाक्य मुद्दाम घेतलंय: 'वाताशि वा मारुमारु कोको ओ सोत्सुग्यो सासेते इतादाकिमाशिता', म्हणजे मला अमुक शाळेतून उत्तीर्ण होऊ देण्यात आलं. दिलेल्या उदाहरणांत त्याची मान्यता फार कमी ठरवली आहे. पण तिथेच असंही म्हटलंय की उत्तीर्ण होणं कठीण होतं, शिक्षकांनी खास सांभाळून घेतलं आणि कसंबसं पार पडलं, असा संदर्भ असेल तर तेच वाक्य अयोग्य म्हणता येणार नाही. मला हा खुलासा फार आवडतो, कारण दोष रूपात नसून त्यामागच्या खरेपणात आहे हे त्यातून स्पष्ट होतं.

हीच कसोटी तुमच्या सहाही जागांना लावा. 'मोउसासेते इतादाकिमास': स्वतःचं नाव सांगायला कुणाची परवानगी? 'मोउशिमास' पुरे, 'मोउसु' आधीच तेइचोगो आहे. 'आरुबाइतो ओ सासेते इतादाइते ओरिमास': परवानगी मालकाची खरी, पण वाचणारी कंपनी त्यात कुठेच नाही, म्हणून 'शिते इमास' किंवा फार तर 'शिते ओरिमास'. 'गोतेइआन् सासेते' वर आलंच. 'हाजिमेसासेते इतादाकिमाशिता' यात तेन्चोने होकार दिला होता, कसोटीला उतरतं असं म्हणता येईल. तरी लिहू नका. सुरुवात तुम्ही केलीत, आणि या वाक्यात ती तेन्चोच्या कृपेसारखी दिसते.

'हाइकेन् सासेते इतादाकि' जरा वादाचं आहे. 'हाइकेन्'मध्ये आधीच पहिल्या प्रकारची केन्जोगो आहे, 'इतादाकु'ही त्याच प्रकारचं, म्हणून शिष्टाचाराची पुस्तकं याला निजू केइगो म्हणतात. काटेकोर बघितलं तर मध्ये 'ते' आहे, म्हणून ते केइगो रेन्केत्सुत बसवता येतं. याच्या शेजारचं 'हाइकेन् इताशिमाशिता'ही काही जण दोषी ठरवतात, पण तिथे पहिला प्रकार आणि दुसरा प्रकार एकत्र आलेत, जात वेगळी आहे, त्यामुळे व्याख्येप्रमाणे तो दोष नाही. हा वाद तुम्ही एंट्री शीटवर खेळायचा नाही. 'हाइकेन् शि' लिहिलंत तर दोन्ही पक्षांना बोलायला जागा नाही. माझं विचाराल तर ते वाक्यच काढा. संकेतस्थळ बघितलं यात सांगण्यासारखं काही नाही. तिथे काय दिसलं ते सांगा.

शेवटचं 'ओउकागाइ सासेते इतादाकिताकु झोन्जिमास'. 'उकागाउ' एकदा नम्र, 'ओ... सुरु'चा साचा दुसऱ्यांदा, आणि 'इतादाकु' वर. 'ओउकागाइ सुरु'पर्यंत रूढीची सवलत आहे, त्यापुढे नाही. 'उकागाइताकु झोन्जिमास' व्याकरणाने बरोबर. पण मुलाखतीला बोलवायचं की नाही ते कंपनी ठरवते, आणि ओळखीत त्याची विनंती करायची पद्धत नाही. ही ओळ मी पूर्ण काढली असती.

'सामा'चं थोडक्यात. 'किशा' म्हणजे आपली कंपनी, त्यातल्या 'कि'तच मान आहे, म्हणून 'किशासामा' नको. 'तेन्चो', 'बुचो', 'शाचो' ही पदंच मानाची, त्यांना 'सामा' लावू नका. तुमचा तेन्चो घरचा असल्यामुळे तर दुप्पट नको. पाकिटावर कंपनीच्या नावापुढे 'ओन्चू' आणि व्यक्तीपुढे 'सामा' असं दोन्ही एकदम लिहू नका, एकच घ्या. 'साइयो गोतान्तोशासामा', म्हणजे भरती विभागातल्या अनाम अधिकाऱ्यासाठीचं संबोधन, मात्र सर्रास चालतं.

हे सगळं लावल्यावर तुमचा मजकूर असा होतो:

'केइझाइ-गाकुबु सान्नेन् नो (नाव) तो मोउशिमास. दाइगाकु नो चिकाकु नो तेइशोकुया दे आरुबाइतो ओ शिते इमास. गोहान् ओ नोकोसु ओक्याकुसामा गा ओओइ कोतो नि किझुकि, तेन्चो नि चीसाइ चावान् ओ तेइआन् शिमाशिता. तेन्चो कारा "यात्ते मिरो" तो इवारे, हाजिमेमाशिता. (इथे काय बदललं ते: किती दिवसांत, किती भात वाचला, कोणते ग्राहक परत आले.) किशा नो (अमुक) तोइउ तोरिकुमि ओ शिरि, (त्याचा आणि वाटीच्या अनुभवाचा दुवा).'

'गोहान् ओ नोकोसु ओक्याकुसामा' यात ग्राहकाच्या क्रियेला मान नाही, हे तुम्हाला टोचेल. लेखी एंट्री शीटमध्ये ते चालतं, 'ओक्याकुसामा' या शब्दाने आदर आधीच दिलाय. बोलताना मऊ करायचं असेल तर 'नोकोसारेरु ओक्याकुसामा' म्हणा. 'रेरु'च्या रूपाची एकच अडचण, ते कर्मणी प्रयोगासारखं ऐकू येतं. 1952 च्या शिफारशीतही हा तोटा नोंदवलाय, तरी नियमित आणि सोपं म्हणून त्याच रूपाला भविष्य आहे असं तिथे म्हटलं होतं. माझा अंदाज असा की कर्मणीचा हा संशय टाळण्यासाठीच अनेक जण आधी 'ओ...नि नारु' करतात आणि मग सवयीने 'रेरु' सोडवत नाही.

स्वतः तपासताना फाइलमध्ये थोडे तुकडे शोधा. `なられ` सापडलं की थांबा, त्याच्या आधी `お` किंवा `ご` असेल तर बहुधा निजू केइगो आहे. पण 'शाचो नि नारारेता काता' (अध्यक्ष झालेली व्यक्ती) इथे 'नारु'चा अर्थ होणं असा आहे, आणि त्याला एकदाच 'रेरु' लागलंय, ते बरोबर. `しゃられ` शोधलं की 'ओश्शारारेरु' आणि 'इराश्शारारेरु' दोन्ही हाती लागतात, आणि यातलं एकही ठेवायचं नसतं. मग `させていただ` शोधून प्रत्येक जागी परवानगी देणाऱ्याचं नाव समासात लिहा. नाव सुचलं नाही तर क्रियापद शब्दकोशातल्या मूळ रूपावर आणा, कर्ता कोण ते बघा, आणि एकदाच वर चढवा. दुरुस्ती करताना उलट चूकही होते: गोदान् गटाच्या क्रियापदांत फुकटचा 'सा' घुसतो, 'योमासासेते', 'इकासासेते'. बरोबर रूपं 'योमासेते', 'इकासेते'. तुमच्या 'हाजिमेसासेते'मधला 'सा' मात्र रास्त आहे, 'हाजिमेरु' इचिदान् या दुसऱ्या गटातलं आहे.

एन वनबद्दल: त्या परीक्षेत लेखन आणि संभाषण नाही. केइगो ओळखता येतं की नाही ते ती तपासते, स्वतः रचायला लावत नाही. आणि खानावळीतलं केइगो ग्राहकासमोर उभं राहून, घाईत, ठरलेल्या वाक्यांत बोलायचं असतं. तिथे कर्ता जवळजवळ नेहमी ग्राहक, इथे तुम्ही. तिथली वाक्यं इथे आणली की कर्ता बदलतो आणि आदर तसाच राहतो. कामावर बोलता ते बदलायची गरज नाही.

तोंडी ओळख साधारण एक मिनिटाची, म्हणजे तीनशेएक अक्षरांची धरतात. हाच मजकूर बोलताना 'किशा'चं 'ओन्शा' करा, कारण कानाला 'किशा' म्हणजे पत्रकार, आगगाडी आणि कार्यालयात परतणंही होतं. 'शिते इमास'चं 'शिते ओरिमास' केलंत तर चांगलं, ते तेइचोगो समोरच्यासाठीच आहे. बोलण्यात एखादं 'सासेते इतादाकु' निसटलं तर मागे जाऊन सुधारू नका.

आणि मुलाखतीची वेळ कळवणारी मेल आली की उत्तरात तुमचं 'उकागाउ' योग्य जागी येतं, कारण तिथे जाण्याची क्रिया खरोखरच त्यांच्याकडे आहे: 'तोजित्सु वा (वेळ) नि उकागाइमास'. 'ओउकागाइ इताशिमास' लिहिलंत तरी मार्गदर्शिकेतल्या रूढीच्या सवलतीत बसतं, सेन्सेईंनी त्यावर रेघ मारली तर तेवढं त्यांना दाखवा.